भाव कोण ठरवतं?

शाळेतून निवृत्त झाल्यावर गणिताच्या मास्तराला विद्यार्थी मिळत नाहीत. मला नात मिळाली, आणि तीही अकरावी कॉमर्सची! मुक्ताचा पहिलाच प्रश्न होता, "आबा, शेअरचा भाव ठरवतं कोण?"

आम्ही दोघांनी तिच्या मोबाइलवर एका कंपनीचं पान उघडलं. डावीकडे घेणाऱ्यांचे पाच भाव, उजवीकडे विकणाऱ्यांचे पाच. घेणारा ४१२ रुपये १० पैसे म्हणतोय, विकणारा ४१२ रुपये २५ पैशांवर अडून बसलाय. मधल्या पंधरा पैशांत कुणीतरी एक पाऊल पुढे टाकतो, सौदा होतो, आणि तोच त्या क्षणाचा भाव. एकाच भावाच्या दोन मागण्या आल्या, तर जी आधी आली तिचा मान पहिला. ठरवणारा कुणीच नाही, हे मुक्ताला पटायला वेळ लागला. मला तर त्या थरथरत्या आकड्यांत दुपारभर करमलं.

मग सगळे पैसे एकाच कंपनीत का ठेवू नयेत, यावर मी तिला एक उदाहरण घातलं. ७ जानेवारी २००९. सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेब फुगवल्याची पत्रातून कबुली दिली. आदल्या दिवशी १७९ रुपयांना असलेला शेअर त्या दिवशी ४० रुपयांच्या आसपास बंद झाला. लाखभर रुपये त्यातच असते, तर किती उरले? जेमतेम २२ हजार. तेच लाख दहा कंपन्यांत सारखे वाटले असते, तर? सत्यमच्या दहा हजारांपैकी पावणेआठ हजार गेले. त्या दिवशी सेन्सेक्सही सात टक्क्यांहून थोडा जास्तच पडला होता. बाकीचे नव्वद हजार तेवढेच घसरले असं धरलं, तर आणखी साडेसहा हजार. म्हणजे ७८ हजारांच्या जागी सव्वाचौदा हजारांचा फटका.

"मग दहाच्या शंभर केल्या की तोटाच नाही!" मुक्ता म्हणाली.

इथे मला आमच्या रानातलं मिश्रपीक आठवलं. ज्वारीला चिकटा पडला तर तूर हाताला लागते. पण पाऊसच नाही आला, तर दोन्ही जातात. २३ मार्च २०२० ला, करोनाच्या भीतीत, सेन्सेक्स एका दिवसात तेरा टक्के कोसळला. त्या दिवशी कितीही कंपन्या घेतलेल्या असत्या तरी बहुतेक सगळ्याच घसरल्या असत्या. कंपनीची जोखीम वाटून कमी होते, बाजाराची होत नाही. म्हणून तिच्या कॉलेजच्या फीचे पैसे ठेवीतच राहिले. ते दोन वर्षांत लागणार आहेत, आणि पडलेला बाजार आपल्या तारखा बघून वर येत नाही.

उरलेल्या बचतीतले थोडे निफ्टीच्या पन्नास कंपन्या एकदम घेणाऱ्या इंडेक्स फंडात टाकू म्हटलं. रात्री मुक्ता त्याचा तक्ता घेऊन आली.

"आबा, पन्नास कुठल्या? सगळ्यात मोठा वाटा बँका नि वित्तसंस्थांचाच आहे. आणि तुमच्या ठेवीही बँकेतच!"

मी चष्मा पुसला आणि तक्ता मागितला.