एक फूट उंची आणि सात हजार दोनशे रुपये

प्रिय काका,

सोबत बिल जोडलं आहे. ठरले होते अठ्ठावीस हजार, झाले पस्तीस हजार दोनशे. वरचे सात हजार दोनशे कशाचे, हे फोनवर नीट सांगता येत नव्हतं. तुमचा आवाज ऐकला की मी शेजारची लहान पोरगी होऊन जाते आणि पैशांचं बोलणं राहून जातं. म्हणून हा मेल.

पहिल्या नकाशानंतर दोन बदल त्याच पैशांत करायचे, असं आपलं ठरलं होतं. बेडरूमची अदलाबदल आणि ओट्याची दिशा हे ते दोन. त्यांचं काही लावलेलं नाही. वरचे पैसे त्यापुढच्या दोन बदलांचे आहेत.

तिसऱ्या वेळी तुम्ही म्हणालात, "खालच्या मजल्याची उंची दहाऐवजी अकरा फूट कर, बाकी काही हलवू नकोस." पण उंची वाढली की जिना हलतोच.

दहा फूट म्हणजे एकशेवीस इंच. काकूंच्या गुडघ्यांसाठी पायरी पावणेसात इंचांच्या वर जाऊ द्यायची नाही, हे आपण पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. म्हणून मी अठरा चढ घेतले होते, मधल्या लँडिंगपर्यंत नऊ आणि तिथून वर नऊ. आता उंची झाली एकशेबत्तीस इंच. चढ अठराच ठेवले तर एकेक सव्वासात इंचांच्याही वर जातो. एकोणीस केले तरी जवळजवळ सात. वीस केले तेव्हा कुठे तो ६.६ इंचांवर आला. वीस म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक पायरी जास्त, आणि पाय ठेवायची जागा दहा इंचांची, म्हणून जिना दहा इंच लांबला. ते दहा इंच मागच्या टॉयलेटमधून गेले आणि चार फुटांचं टॉयलेट तीन फूट दोन इंचांचं झालं. त्या दोन्हींमधल्या भिंतीत एक कॉलम होता, तोही सरकला. मग सेंटरलाइनचा नकाशा, वरच्या स्लॅबमधली जिन्याची मोकळी जागा, सेक्शन, एलिव्हेशन, दारं-खिडक्यांचा तक्ता, सगळ्या शीट पुन्हा उघडाव्या लागल्या. कॉलम हलला म्हणून आरसीसीवाल्या इंजिनिअरकडून बीम पुन्हा तपासून घेतले. एका शीटवर बदल केला की तो दुसरीवर आपोआप उतरत नाही काका, प्रत्येक रेघ मीच हलवते आणि प्रत्येक माप मीच पुन्हा वाचते. याला अकरा तास लागले. तासाला चारशेप्रमाणे चार हजार चारशे.

ते अरुंद टॉयलेट पाहून काकूंनी ते जिन्याच्या मागून काढून मागच्या बेडरूमला लावायला सांगितलं. त्यांचं बरोबरच होतं, तीन फूट दोन इंचांत माणसाला नीट वळता येत नाही. पण वरचं टॉयलेट बरोबर त्याच्याच डोक्यावर आहे, त्यामुळे दोन्ही हलली, आणि त्यांच्याबरोबर मैल्याचा पाइप, बाहेरचे चेंबर आणि दोन झरोके. हे सात तासांचे दोन हजार आठशे.

किचनच्या खिडकीवरच्या लिंटलची उंची पहिल्या नकाशात टाकायची माझ्याकडूनच राहिली होती. ती दुरुस्ती बिलात नाही.

एक चूक माझी आहे. तिसरा बदल हातात घेण्याआधीच खर्चाचा आकडा तुम्हाला कळवायला हवा होता. तुम्ही आयटीआयच्या फॉर्मसाठी माझ्याबरोबर रांगेत उभे राहिला होतात, त्यामुळे जीभ रेटली नाही. आकडा आधी कळला असता तर उंचीचा विचार तुम्ही कदाचित पुन्हा केला असता, आणि ती संधी मी तुम्हाला दिली नाही. म्हणून पैसे दोन हप्त्यांत दिलेत तरी चालेल, दुसरा हप्ता प्लिंथ झाल्यावर द्या. तासांचा हिशेब मात्र खरा आहे, आणि माझं घर याच तासांवर चालतं. पुढे काही बदलायचं असेल तर आधी तास आणि रक्कम लिहून पाठवीन, तुमचा होकार आला की मगच फाइल उघडीन.

आता पैशांहून घाईचं. परवा तुम्ही पाठवलेल्या फोटोत मिस्त्रींनी नकाशा विटेखाली दाबून ठेवला होता आणि फक्कीने आखणी चालली होती. फोटो मोठा करून पाहिला, तर शीटच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात R2 होतं. म्हणजे कॉलम जुन्या जागी, जिना दहा इंच तोकडा. त्या आखणीवर खड्डे खणले गेले तर पुढचं नुकसान माझ्या बिलाच्या कितीतरी पट असेल. R2 आणि R3 च्या सगळ्या प्रिंट परत घ्या, मिस्त्रींच्या मोबाइलमधली पीडीएफसुद्धा काढायला सांगा. नव्या शीटवर कोपऱ्यात R4 असेल आणि जिन्याजवळ "२० चढ" असं मी मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. सोमवारी खणायला सुरुवात करण्याआधी नव्या आखणीचा एक फोटो पाठवा, मी मापं जुळवून लगेच फोन करते.

तुमची,
शेजारची पोरगी