दाराच्या तळाला लागलेले पाणी

फरशी रोज पुसली जाते, घर स्वच्छ दिसते, पण चार-पाच वर्षांत मोरीजवळचे लाकडी दार खालून काळे पडते. वीतभर उंचीपर्यंत डाग चढतात, कोपरे फुगतात आणि दार चौकटीला घासू लागते. मग घरात बोलणे निघते, की पुसणारी पाणी फार घालते. हे बोलणे आम्ही आमच्या वस्तीत पुष्कळ घरांतून ऐकले आहे आणि ते ऐकून घेणारी बहुधा घरची सून किंवा मुलगी असते. आमचा अनुभव असा, की मुख्य दोष तिचा नसतो. तो दाराच्या अशा एका कडेचा असतो, जी कोणाला दिसतच नाही.

ती कडा म्हणजे दाराचा तळ. दार जमिनीला लागू नये म्हणून सुतार ते खालून रंधून घेतो आणि टांगतो. नंतर रंगारी येतो, पुढून-मागून रंग देतो. खाली ब्रश शिरत नाही म्हणून तळ कोराच राहतो. दाराच्या उभ्या पट्ट्यांची कापलेली टोके नेमकी तिथे असतात. झाड ज्या बारीक नळ्यांतून पाणी वर नेते, त्यांची तोंडे या टोकांना उघडी असतात. ओल्या फडक्याचे पाणी लागले, की वातीत तेल चढावे तसे ते वर चढते. वरचा रंग कितीही चांगला असला तरी पाणी आत शिरते आणि त्याच रंगामुळे लवकर बाहेर पडत नाही. तुमच्या दाराचा तळ कोरा आहे का, हे पाहण्यासाठी दार काढायला नको. जमिनीवर लहान आरसा ठेवून बॅटरीचा उजेड पाडा, कोरे लाकूड लगेच ओळखू येईल.

आमच्या मोरीचे दार जुने, सागवानी, पट्ट्या आणि फळ्यांचे. आमच्या आधीच्या भाडेकरूंनी त्याच्या पायाला पत्रा ठोकलेला होता. पाणी लागू नये म्हणून पुष्कळ ठिकाणी असे करतात. पण पत्र्याच्या मागे गेलेले पाणी वाळत नाही. आम्ही पत्रा उचकटला तेव्हा प्रत्येक खिळ्याभोवती शाईसारखे काळे कडे दिसले. सागवानात तुरट रस असतो. ओल्यात त्याची लोखंडाशी गाठ पडली, की काळा-निळा रंग तयार होतो. जुन्या काळी शाई अशाच रीतीने करीत असत. म्हणून असा डाग साबणाने, सोड्याने किंवा घासून जात नाही.

सुताराने खालचा भाग कापून नवा बसवण्याचा जो खर्च सांगितला, तो कारकुनाच्या पगारातून सहज निघणारा नव्हता. त्याआधी लाकूड कुजले आहे का, हे आम्ही पाहिले. अणकुचीदार टोच्या डागावर दाबायचा. तो कठीण लागला तर लाकूड शाबूत आहे. लोण्यात जावा तसा आत गेला तर तेवढा भाग कापावाच लागतो. आमचा टोच्या फक्त एका कोपऱ्यात, नखाएवढा आत गेला.

काम पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबरात काढले. पावसात फुगलेल्या दाराला रंधा मारू नये. उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि फट पडते. दोघांनी मिळून दार उतरवले. आधी खालच्या बिजागरीचे स्क्रू, शेवटी वरच्या. मोरीला जाड पडदा लावला आणि दार गॅलरीत सावलीत, तळ वर करून उभे केले. कडक उन्हात ठेवले असते तर चिरले असते. फुगलेल्या भागावरचा जुना रंग खरवडून काढला, म्हणजे ओल बाहेर पडायला वाट मिळते. दर रविवारी तळाकडची जाडी पट्टीने मोजून वहीत लिहिली. पहिल्या दिवशी ती मधल्या भागापेक्षा ३ मिलिमीटर जास्त भरली. तीन आठवड्यांनी फरक १ मिलिमीटरवर आला आणि पुढच्या रविवारीही तेवढाच राहिला. माप थांबले, म्हणजे लाकूड वाळले. उरलेला फुगवटा आम्ही ८० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासून काढला.

मग डाग. यासाठी ऑक्झॅलिक ॲसिड लागते. पांढरे खडे असतात, रंगाच्या किंवा रसायनांच्या दुकानात मिळतात, पॉलिशवाल्यांना ठाऊक असतात. प्लॅस्टिकच्या डब्यात अर्धा लिटर गरम पाणी घेऊन त्यात ३० ग्रॅम विरघळवले. ते विषारी आहे. हातात रबरी मोजे हवेत, मुलांना लांब ठेवावे, स्वयंपाकाचे भांडे वापरू नये आणि त्यात ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नये, घातक वायू निघतो. द्रावण ब्रशने फक्त डागावर न लावता पट्टीच्या पूर्ण रुंदीला लावले, नाहीतर तिथे फिकट ठिपका उरतो. वीस मिनिटांत काळा रंग तपकिरी झाला. दुसऱ्या दिवशी आणखी एक हात दिला. खिळ्यांची कडी जवळजवळ गेली. भोकाच्या अगदी आतला काळेपणा राहिला, तो लांबीने बुजवला. नंतर साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने तीनदा पुसले आणि चार दिवस वाळू दिले. न पुसता घासले तर त्याची धूळ नाकाघशाला झोंबते. या औषधाने डाग हललाच नाही, तर तो बुरशीचा असू शकतो. त्याला ब्लीचिंगचे पाणी लागते, पण आधीचे औषध पूर्ण धुऊन, वेगळ्या दिवशी.

आता ज्यासाठी दार उतरवले ते काम. तळाला ऑइल प्रायमर टर्पेंटाइनने पातळ करून दिला. कोऱ्या टोकांनी तो क्षणात पिऊन टाकला. वाळल्यावर दुसरा हात, मग ऑइलपेंटचे दोन हात. दाराच्या पुढच्या-मागच्या बाजूंनाही खालचा फूटभर रंग दिला. चपडीचे पॉलिश इथे टिकत नाही, साबण-सोड्याच्या पाण्याने ते मऊ पडते. पत्रा पुन्हा ठोकला नाही.

हे सगळे भरीव लाकडाच्या दाराचे झाले. फ्लश दाराचा प्लाय सुटून फुगा आला असेल, तर वाळल्यावर रेषेच्या दिशेने ब्लेडने चीर पाडून पाणी सोसणारा गोंद आत सारावा आणि वर प्लॅस्टिक व फळी ठेवून दिवसभर आवळून ठेवावे. पण आत भुशाचा किंवा चुऱ्याचा बोर्ड असून तो फुगला असेल, तर तो वाळूनही पूर्वीसारखा होत नाही. तेवढा भाग कापून लाकडी पट्टी जोडणे हाच उपाय, आणि त्या पट्टीचा तळही रंगवूनच.

फडके पिळून पुसावे आणि दाराखालची जागा शेवटी कोरड्या फडक्याने टिपावी, एवढे पुसणाऱ्याने पाहावे, मग पुसणारी बाई असो की पुरुष. वर्षातून एकदा आरसा आणि बॅटरी घेऊन तळ बघावा. रंग कुठे सोलला असेल तर तेवढ्याच जागी एक हात द्यावा, म्हणजे दार पुन्हा उतरवण्याची पाळी लवकर येत नाही.