शेवटच्या फ्रेमपर्यंत

निपाणीतला माझा एक मित्र लग्नांची आणि गावोगावच्या कार्यक्रमांची शूटिंग करतो. त्याच्याकडून हार्ड डिस्क आली की सोबत एक वाक्य ठरलेलं असतं : "सगळं चालतंय की रे, मी उघडून बघितलंय." उघडून बघणं म्हणजे फाईलवर डबल क्लिक करायचं, सुरुवातीचे काही सेकंद बघायचे, मध्ये एकदोन ठिकाणी पट्टी पुढे सरकवायची आणि बंद करायचं. दीड तासाच्या भाषणात, सेकंदाला २५ या हिशेबानं, १,३५,००० फ्रेम असतात. त्यातल्या फार तर काहीशे डोळ्यांखालून जातात. उरलेल्यांबद्दल उघडून बघणाऱ्याला काहीच कळलेलं नसतं.

आमच्याकडे येणारं चित्रण पुन्हा मिळणारं नसतं. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा बेळगावभोवतीच्या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. त्यांची व्याख्यानं, कविसंमेलनं, दिंड्या कुणा ना कुणाच्या कॅमेऱ्यात असतात. २००० साली य. दि. फडक्यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात अखिल भारतीय संमेलन झालं, तो काळ टेपचा होता. पुढे कार्डं आली आणि मग मोबाईल. त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये मिनीडीव्हीवरून उतरवलेल्या फाईली, एमटीएस आणि एमपीफोर शेजारी शेजारी नांदतात. युगांतर गटानं १९८२ साली निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर माहितीपट केला, तो १६ मिलिमीटरच्या फिल्मवर. ती फिल्म उजेडात धरली तर ओरखडा डोळ्यांना दिसतो. फाईलचा ओरखडा तसा दिसत नाही. फाईल पूर्ण उलगडली, म्हणजे डीकोड केली, तरच तो सापडतो.

म्हणून डिस्क आली की मी पहिलं काम तेवढंच करतो. प्रत्येक फाईल पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत डीकोड करायची आणि निघालेलं चित्र कुठेही न साठवता टाकून द्यायचं. एफएफएमपेग या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी `null` नावाचा आउटपुट आहे. नवी फाईल तयार होत नाही, डिस्कवर जागा जात नाही. मागे उरतात त्या फक्त डीकोडरनं काढलेल्या तक्रारी, आणि आपल्याला त्याच हव्या असतात.

```
mkdir -p ~/nondi
for f in *.mp4; do
  ffmpeg -nostdin -v error -i "$f" \
    -map "0:v?" -map "0:a?" -f null - \
    2> ~/nondi/"$f.txt"
done
find ~/nondi -type f ! -empty
```

एका फाईलमागे एक नोंदवही तयार होते. एमटीएस आणि डीव्ही फाईलींसाठी `*.mp4` बदलून हाच लूप पुन्हा चालवायचा. शेवटची ओळ फक्त त्या नोंदवह्यांची नावं देते ज्यांत काहीतरी लिहिलं गेलंय. `-v error` मुळे नेहमीची बडबड गळते. `-map` ची जोडी लावली नाही तर प्रोग्रॅम एकच चित्र आणि एकच आवाज निवडतो. व्यासपीठाच्या मिक्सरचा आवाज दुसऱ्या ट्रॅकवर घेतला असेल तर तो न तपासताच राहतो. नावांभोवतीची अवतरणचिन्हं आमच्याकडे फारच गरजेची, कारण फाईलींची नावं मराठीत आणि मध्ये मोकळ्या जागा सोडून लिहिलेली असतात. `-nostdin` नसेल तर काही प्रकारच्या लूपमध्ये एफएफएमपेग पुढच्या नावांची यादीच स्वतःचं इनपुट समजून गिळतो, आणि अर्धं फोल्डर गुपचूप वगळलं जातं.

दोन गोष्टींवर मी नव्या मुलांना आवर्जून थांबवतो. घाई असली की कुणीतरी `-c copy` जोडतो आणि काम क्षणात उरकतं. त्यात डीकोडिंग होतच नाही, पुडके न सोडता इकडून तिकडे हलवले जातात. दुसरं असं की आदेश यशस्वी झाला का, एवढंच बघून भागत नाही. मधल्या काही फ्रेम फुटल्या तरी एफएफएमपेग पुढे जातो आणि शेवटी बहुतेक वेळा सगळं ठीक असल्याचाच संकेत देतो. नोंदवही वाचावीच लागते.

वाचायची कशी, ते एका फाईलवरून सांगतो. एका ग्रामीण संमेलनातलं भाषण, १९२० बाय १०८० चं एमपीफोर. प्लेअरमध्ये उघडायला झकास, आकारही जसाच्या तसा. नोंदवहीत मात्र हे होतं :

```
error while decoding MB 61 34, bytestream -5
concealing 4135 DC, 4135 AC, 4135 MV errors in P frame
```

एच.२६४ मध्ये चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडलेले असतात. या आकाराच्या चित्रात ते आडवे १२० आणि उभे ६८, म्हणजे एकूण ८,१६०. डीकोडर डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ असा वाचत येतो. MB 61 34 याचा अर्थ, शून्यापासून मोजलं तर, तो ६१व्या स्तंभात, ३४व्या ओळीत अडखळला. ठिपक्यांत सांगायचं तर डावीकडून ९७६, वरून ५४४, म्हणजे जवळजवळ पडद्याचा मध्य. तिथून खालचे चारेक हजार चौकोन त्याला वाचता आले नाहीत आणि त्यानं ते आधीच्या चित्रावरून अंदाजानं भरले. दुसरी ओळ हेच सांगते. अडखळल्याचं जरा उशिरा कळतं, म्हणून भरलेल्या चौकोनांचा आकडा थोडा जास्तच निघतो. वक्त्याचा चेहरा वर शाबूत आणि छातीपासून खाली रंगांचा चिखल, असं ते चित्र असणार हे न बघताच सांगता येतं.

शिवाय ही P फ्रेम आहे. अशी फ्रेम आधीच्या फ्रेमपासून फक्त फरक नोंदवते, आणि पुढच्या फ्रेम हिच्यावर उभ्या असतात. त्यामुळे बिघाड एका फ्रेममध्ये झाला तरी पुढची स्वतंत्र फ्रेम येईपर्यंत चिखल पडद्यावर राहतो. कॅमेऱ्याच्या मूळ फाईलीत ती बहुधा अर्ध्या-एका सेकंदात येते. घरी एक्स२६४ नं नेहमीच्या सेटिंगवर दाबून लहान केलेल्या फाईलीत दोन स्वतंत्र फ्रेमांमधलं अंतर २५० फ्रेमांपर्यंत, म्हणजे दहा सेकंद असू शकतं. कवितेचं एक कडवं त्यात जातं.

अशी फाईल सापडली की माझा पुढचा प्रश्न एकच असतो : चूक प्रत्येक वेळी त्याच जागी येते का? म्हणून डिस्क नीट बंद करून केबल काढायची, पुन्हा जोडायची आणि तीच फाईल पुन्हा डीकोड करायची. न काढता केलं तर कॉम्प्युटर मेमरीत राहिलेली जुनी प्रतच पुन्हा वाचण्याची शक्यता असते. या फाईलीत दुसऱ्यांदाही MB 61 34 हाच आकडा आला. म्हणजे दोष फाईलमध्ये होता. त्याच डिस्कवरच्या आणखी काही फाईलींच्या तक्रारी मात्र जागा बदलत होत्या : एकदा इथे, एकदा तिथे, एकदा काहीच नाही. त्या फाईली निर्दोष होत्या. दुसऱ्या केबलनं, दुसऱ्या पोर्टवर जोडल्यावर त्यांच्या नोंदवह्या कोऱ्या आल्या. फिरती चूक दिसली की केबल, डिस्कची पेटी किंवा कॉम्प्युटरची मेमरी यांच्यावर संशय घ्यायचा आणि फाईलीला हात लावायचा नाही. हा फरक न कळल्यामुळे लोक चांगल्या फाईली 'खराब' म्हणून पुसून टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

स्थिर चूक असलेल्या फाईलीसाठी दुसरी प्रत शोधायची. मित्राच्या कॉम्प्युटरवरची प्रत त्याच आदेशानं तपासली आणि ती स्वच्छ निघाली. म्हणजे चित्रण करताना काही बिघडलं नव्हतं, बिघाड कॉपी होताना झाला होता. तिथेही चूक त्याच चौकोनात आली असती तर ती कार्डावरच होती असं समजून मूळ कार्ड मागवावं लागलं असतं. लाईट जाणं हे आमच्याकडचं जुनं कारण. विंडोजमध्ये कॉपी सुरू होतानाच फाईलची पूर्ण लांबी राखून ठेवली जाते. मध्येच लाईट गेली तर आकार पूर्ण दिसतो आणि शेपटाकडचा भाग नुसती शून्यं. आकार जुळला म्हणून निश्चिंत राहायची सोय नाही, ती यामुळेच.

बिघाड नेमका कितव्या मिनिटाला आहे ते या ओळी सांगत नाहीत. `-i` च्या आधी `-ss 00:40:00 -t 600` असं घालून दहा-दहा मिनिटांचे तुकडे डीकोड केले की जागा सापडते. आणि नोंदवहीत `Input/output error` दिसलं तर तपासणी तिथेच थांबवायची. ती तक्रार चित्राची नाही, डिस्क स्वतःच वाचली जात नाहीये. पूर्ण डीकोड म्हणजे डिस्कचा कानाकोपरा वाचणं, आणि मरणाऱ्या डिस्कला तो ताण झेपत नाही. आधी `ddrescue` नं तिची जमेल तेवढी प्रत काढायची आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करायचं.

कोऱ्या नोंदवहीचा अर्थही नेमकाच घ्यायला हवा. डीकोडरला व्याकरण कळतं, मजकूर कळत नाही. बेळगावच्या पावसाळ्यात कपाटातल्या टेपांना बुरशी येते. अशी मिनीडीव्ही टेप उतरवताना कधी `AC EOB marker is absent` अशी तक्रार येते. पण अनेकदा कॅमेराच हरवलेल्या चौकोनाच्या जागी मागच्या फ्रेमचा तुकडा बसवून देतो, आणि मग डेटा व्याकरणानं शुद्ध असतो. पडद्यावर ठिगळं दिसतात, नोंदवहीत काही नसतं. अशा डीव्हीवरून पुढे एमपीफोर केलं तर ठिगळंही सुबकपणे एन्कोड होतात. साध्या पीसीएम आवाजात तर चूक ओळखायची सोयच नाही. तिथे एखादा बिट उलटला तर नुसता टक् असा आवाज येतो. डीव्हीची किंवा एमटीएसची फाईल मध्येच तुटली असेल तर ती बिनतक्रारही लवकर संपू शकते, म्हणून प्रत्येक फाईलची लांबी कार्यक्रमाच्या लांबीशी ताडून बघावी लागते. ज्यांना कायमचं जतन करायचंय ते एफएफव्ही१ ची तिसरी आवृत्ती वापरतात. तिच्यात चित्राच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची तपासणी-संख्या जोडलेली असते, त्यामुळे उलटलेला बिट लपत नाही.

आमच्या फोल्डरांत असल्या फाईली क्वचितच असतात. म्हणून नोंदवही कोरी आली आणि लांबी जुळली की मी लगेच तसाच लूप लावून दुसरं काम करतो :

```
ffmpeg -nostdin -v error -i "$f" \
  -map "0:v?" -map "0:a?" -f framemd5 "$f.framemd5"
```

यात `null` च्या जागी प्रत्येक फ्रेमचा एक ठसा लिहिला जातो. पुढच्या वर्षी दुसऱ्या डिस्कवरच्या प्रतीचे ठसे, शक्यतो एफएफएमपेगच्या त्याच आवृत्तीनं, काढून `diff` नं जुळवले की कुठली फ्रेम बदलली ते तिच्या वेळेसकट कळतं. तो बदल व्याकरणात बसणारा असला तरी निसटत नाही, पीसीएममधला उलटलेला बिटसुद्धा. पण आधी डीकोड आणि मग ठसे, हा क्रम मी मोडत नाही. फुटलेल्या फाईलीचे ठसे घेतले तर दर वर्षी ते जुळतच राहतात.

निपाणीच्या डिस्कवर आता प्रत्येक फोल्डरात त्या ठशांच्या फाईली आहेत, आणि त्या भाषणाची स्वच्छ प्रत जुन्या प्रतीच्या जागी ठेवली आहे. मित्राला सांगितलंय : कार्डावरून उतरवल्यावर रात्री हे लावून झोप, आणि सकाळी नोंदवह्या वाचल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नकोस.