वास न घेता भाजलेलं बेसन

बेसन भाजून झालं हे कसं ओळखायचं, असं कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळतं: खमंग वास सुटला की. पाककृतीच्या पुस्तकातही तेच लिहिलेलं असतं. उत्तर बरोबर आहे, पण ते नाक असलेल्यांसाठी आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये नागपुरात कोरोनाची दुसरी लाट घरोघरी शिरली, तेव्हा आमची अम्मी त्यातून वाचली, पण तिचा वास गेला तो परत आलाच नाही. फोडणी जळली तर आम्ही ओरडून सांगतो, अशी अवस्था.

त्यानंतरच्या दिवाळीत तिने बेसनाचे लाडू केले. महालातल्या भाड्याच्या घरात असताना शेजारच्या काकूंकडून ती हे लाडू शिकली होती, आणि धाकट्या भावाचा पुण्याला जाणारा डबा या लाडवांशिवाय कधी भरला गेला नाही. त्या वर्षी लाडू दिसायला छान झाले, पण तोंडात टाकताच टाळूला लगदा चिकटला आणि मागे कच्च्या डाळीची उग्र चव राहिली. अम्मीला ती चव कळलीच नाही, कारण कच्चेपणाची चव आपण म्हणतो ती बहुतेक नाकाचीच असते. आमची तोंडं बघून तिला समजलं. नंतरची दोन वर्षं तिने कढई काढली नाही.

गेल्या वर्षी भाऊ म्हणाला, "अम्मी, इस बार लड्डू भेज." मग आम्ही दोघी बसलो आणि वास सोडून आणखी काय काय सांगतं ते शोधलं.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आपल्याकडे शबे-बरातीला चण्याच्या डाळीचा हलवा होतो. त्यात डाळ आधी दुधात किंवा पाण्यात शिजते, मग वाटून तुपात परतली जाते. कच्चेपणा पाण्यानेच गेलेला असतो, तुपाचं काम फक्त रंग आणि स्वाद देण्याचं. लाडवाच्या बेसनाला पाणी मिळतच नाही. ते शिजतं, म्हणजे भाजलं जातं, फक्त तुपाच्या उष्णतेने, आणि पिठाच्या प्रत्येक कणाच्या आतपर्यंत ती पोचायला वेळ लागतो. हलव्याच्या हाताने लाडू केले की बेसनाचा रंग दहा मिनिटांत बदलतो आणि आतलं पीठ कच्चंच राहतं. आच मोठी असेल तर हमखास.

दुसरी गोष्ट पीठ. पाकिटातलं बेसन भज्यांसाठी बारीक दळलेलं असतं. ते तोंडात लाळेशी मिसळलं की खळ होते, मग कितीही भाजा. चण्याची डाळ चक्कीवर नेऊन "लाडवाला जाडसर" असं सांगून दळून आणली, तर कण तुपात भिजून सुटे राहतात. पाकिटाचंच वापरायचं असेल तर अर्ध्या किलोला तीन-चार चमचे बारीक रवा तुपात वेगळा भाजून घालावा. थोडा फरक पडतो, पूर्ण नाही.

आम्ही अर्धा किलो जाडसर बेसन घेतलं, पाव किलो साजूक तूप आणि साडेतीनशे ग्रॅम पिठीसाखर. जाड बुडाची कढई, बारीक आच. तुपातलं पन्नास ग्रॅम बाजूला ठेवून बाकीचं वितळवलं आणि चाळलेलं बेसन त्यात टाकलं. पहिली दहा मिनिटं बेसन तूप पिऊन टाकतं. गोळे होतात, सराटा जड चालतो, आणि वाटतं की तूप कमी पडलं. बहुतेक जण इथेच आणखी तूप ओततात आणि शेवटी लाडू बसके होतात. आम्ही ओतलं नाही, गोळे सराट्याने दाबून मोडत राहिलो.

अम्मीने पांढरी बशी शेजारी ठेवली होती. दर पाच मिनिटांनी तिच्यावर अर्धा चमचा बेसन ठेवायचं, एकाशेजारी एक. रंग कढईत बघून कळत नाही, ओळीने ठेवलेला कळतो. यात एक खोच आहे: कोरड्या पिठाशी तुलना करू नये. तूप लागताच बेसन गडद दिसतं, भाजलं गेलेलं नसताना. म्हणून पहिला ठिपका तूप मिसळून पाच मिनिटांनी घेतलेला हवा.

विसाव्या-बाविसाव्या मिनिटाला मिश्रण आपोआप सैल झालं. एवढा वेळ गोळ्यासारखं फिरणारं बेसन सराट्यावरून घसरायला लागलं, कडेला तूप चमकू लागलं. याला तूप सुटणं म्हणतात. तूप नव्याने येत नाही, पिठातला ओलावा उडून गेल्यावर तेच तूप कणांच्या बाहेर मोकळं होतं. मला वास इथेच आला आणि मी म्हणाले, झालं. अम्मीने बशी पुढे केली. रंग अजून फिकट पिवळाच होता. ठिपका गार करून जिभेवर ठेवला आणि टाळूला दाबला, तर चिकटला. "तालू को चिपक रहा है," ती म्हणाली. नाक नसल्यामुळे ती फसली नाही. पहिला वास लवकर येतो, आणि घाईत असलेला माणूस त्यालाच शेवटचा समजतो.

राहिलेलं तूप तेव्हा घातलं. पस्तिसाव्या मिनिटाच्या आसपास बारीक फेस दिसू लागला, सराटा अगदी हलका झाला आणि ठिपका फिकट बदामी रंगाचा. चाळिसाव्याला घेतलेला ठिपका टाळूवर दाबला तर रवाळ लागला आणि विरघळून गेला. तिथे गॅस बंद केला. पण कढई तापलेलीच असते आणि तळाचं बेसन एका मिनिटात करपतं, म्हणून पाच मिनिटं हात थांबवायचा नाही, किंवा सरळ परातीत काढायचं.

गॅस बंद केल्या केल्या अम्मीने दोन चमचे दुधाचा हबका मारला. चर्र आवाज झाला, फेस फुगून वर आला आणि बसला. त्या थेंबांनी बारीक पीठ एकमेकांना धरतं आणि दाणा येतो. आवाज पूर्ण थांबेपर्यंत ढवळावं, नाहीतर ओल राहते आणि लाडवांना आठ दिवसांत खवट वास येतो. लाडू दूर पाठवायचे असतील आणि हाताला अंदाज नसेल तर हबका मारूच नये, दाणा थोडा कमी येईल एवढंच.

साखर मात्र बोट सहज बुडवता येईल इतकं कोमट झाल्यावरच. गरम बेसनात घातली की ती पातळ होते, लाडू वळताना हातातून सुटतात आणि मग लोक पुन्हा बेसन घालून ते घट्ट करतात. कच्चं बेसन. चाळीस मिनिटांची मेहनत तिथे जाते. पातळ झालंच तर परात तासभर तशीच ठेवावी, तूप थिजलं की मिश्रण वळण्याजोगं होतं. दिवाळीच्या दिवसांत हे जमतं. नागपूरच्या मे महिन्यात तूप थिजतच नाही, तेव्हा तूप दोनशे ग्रॅमवर ठेवावं.

तीस लाडू झाले. वीस पुण्याला गेले. बशीवरचे ठिपके अम्मीने पुसले नाहीत. धाकटी वहिनी आली तेव्हा तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक चाखायला लावला, आणि प्रत्येक वेळी विचारलं, "चिपका?" चौथ्यापर्यंत ती मान हलवत राहिली.