माप जिथून, पिन तिथे

जिगचं ड्रॉइंग करायला बसलो की मी आधी जॉबच्या ड्रॉइंगमधले बाण बघतो. भोकाचं माप कोणत्या कडेपासून दिलंय हे कळल्याशिवाय पिन कुठे ठोकायच्या ते ठरत नाही. 120 बाय 60 ची, 10 मिमी जाडीची साधी एमएस पट्टी घ्या. तिच्यात 8.5 मिमीची दोन भोकं पाडायची आहेत, खालच्या कडेपासून 20 मिमीवर. कापून आलेल्या पट्टीची रुंदी कधी 59.8 भरते, कधी 60.2. पिन वरच्या कडेला लावल्या, तर हा 0.4 चा सगळा फरक भोकाच्या जागेत उतरतो. जिग कितीही बारकाईने केलेली असो.

म्हणून खालच्या लांब कडेला दोन पिन, जमेल तेवढ्या लांब-लांब, आणि आखूड कडेला एक. लांब कडेला तिसरी पिन लावावीशी वाटते, पण लावू नये. कापलेली कड तंतोतंत सरळ नसते. मग जॉब कधी या दोन पिनांना टेकतो, कधी त्या दोघींना.

पिनेच्या बुडाशी मात्र जागा मोकळी हवी. पिन आणि बेस मिळतात त्या कोपऱ्यात चिप अडकते, कटिंगची बरही तिथेच येते. आखूड कडेच्या पिनेजवळ 0.2 मिमीची चिप अडकली की दोन्ही भोकं तेवढीच सरकतात, आणि वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. त्यासाठी मी पिनेभोवती बेसमध्ये खाच घेतो आणि जॉब बेसवर न ठेवता चार छोट्या पॅडवर ठेवतो. ब्रशने एक हात फिरवला की जागा साफ.

क्लॅम्पबद्दल माझं मत ठाम आहे: क्लॅम्पने फक्त धरायचं, जागेवर आणायचं नाही. टॉगल क्लॅम्पचा रबर खाली येताना जॉबला थोडा ढकलतोच. म्हणून आधी समोरच्या कोपऱ्यातल्या स्क्रूने जॉब तिरका रेटून तिन्ही पिनांना भिडवायचा, मगच टॉगल दाबायचा. तोही बरोबर पॅडच्या डोक्यावर. दोन पॅडच्या मध्ये दाबला तर बारीक जॉब वाकतो, आणि सोडल्यावर सरळ होताना भोक तिरकं होतं.

बुश आणि जॉबमध्ये मी ड्रिलच्या साधारण अर्ध्या व्यासाएवढी, म्हणजे इथे चारेक मिमी फट ठेवतो. त्याहून कमी ठेवली तर चिपा बुशमधून वर येऊन त्याला आतून खातात. फार जास्त ठेवली तर ड्रिल भरकटतं.

जिग तयार झाली की पहिला जॉब बरोबर आला म्हणून थांबू नका. ढिगातून सगळ्यात अरुंद आणि सगळ्यात रुंद अशा दोन पट्ट्या शोधा, दोन्हींत भोकं पाडा आणि खालच्या कडेपासून मोजा. माप सारखं आलं तरच जिग ऑपरेटरच्या हातात द्या.