थर्मासांतील चहा कोणत्या वाटेनें निवतो?

थर्मास ही आतां कौतुकाची वस्तु राहिलेली नाहीं. रुग्णाच्या उशाशीं, प्रवासाच्या पिशवींत, परीक्षेच्या दिवसांत जागणाऱ्या मुलाच्या मेजावर ती हटकून दिसते. तथापि "हा चांगला, तो वाईट" यापलीकडे त्याच्या गुणदोषांची चिकित्सा आपण सहसा करीत नाहीं. थर्मास उष्णता निर्माण करीत नाहीं. आंत कोंडलेल्या उष्णतेच्या बाहेर जाण्याच्या वाटा तो अडवितो, इतकेंच. यांतील कोणती वाट बंद होते आणि कोणती उघडी राहते, हें कळलें म्हणजे त्याचा उपयोग डोळसपणें करतां येतो.

हें पात्र मूळचें चहाकरितां निर्माण झालेलें नाहीं. लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें जेम्स ड्यूअर हे रसायनशास्त्रज्ञ अतिशीत द्रवरूप वायूंवर प्रयोग करीत असत. बाहेरची उष्णता त्या द्रवांपर्यंत पोहोंचूं नये म्हणून त्यांनीं १८९२ सालीं दुहेरी भिंतींचें कांचपात्र तयार करविलें व दोन भिंतींमधील हवा काढून टाकविली. पुढें जर्मनींतील राइनहोल्ड बर्गर यांनीं त्याला धातूचें आवरण देऊन तें घरगुती वापराचें केलें. उष्णतेला आंत येऊं न देणारी भिंत तिला बाहेरही जाऊं देत नाहीं, हा साधा न्याय.

आतां त्या भिंतींचा विचार करूं. हवा काढली म्हणजे उष्णता अडते हें खरें. पण किती हवा काढावी? अर्धी हवा काढली तर निम्मा लाभ होईल असें वाटतें, तसें होत नाहीं. वायूचे कण कमी झाले कीं उरलेल्या प्रत्येक कणास धडक न बसतां अधिक दूर जातां येतें. त्यामुळें थोडे कण पूर्वींइतकीच उष्णता वाहून नेतात. कणाची ही अखंड धांव दोन भिंतींमधील अंतराहून मोठी झाली, म्हणजेच मूळच्या हवेचा लक्षांशाहूनही अल्प भाग उरला, तेव्हांच हें वहन वेगानें कमी होऊं लागतें. म्हणून सूक्ष्म तडा गेलेला थर्मास "थोडासा बिघडत" नाहीं. तो जवळजवळ पुरताच निकामी होतो.

परंतु पोकळी कितीही उत्तम असली तरी सूर्याची उष्णता जशी आकाशाची पोकळी ओलांडून आपल्यापर्यंत येते, तशी चहाची उष्णताही प्रारणाच्या रूपानें ती ओलांडून जाते. कांच हें प्रारण मुक्तहस्तें सोडते. चांदी मात्र त्याच्या दोन-तीन शतांशांहून अधिक सोडीत नाहीं. म्हणून पोकळीकडील दोन्ही पृष्ठभागांना चांदीचा लेप दिलेला असतो. एक लिटरच्या थर्मासाला हा लेप नसता, तर ९० अंश तापलेल्या चहाची सुमारें वीस वॅट उष्णता एवढ्याच वाटेनें गेली असती. लेपामुळें ती अर्ध्या वॅटाच्या आसपास राहते. पोलादी थर्मासांत दोन भिंतींमध्यें पोकळीच असते. चांदीऐवजीं चकचकीत पृष्ठभाग किंवा तांब्याचा पातळ थर हेंच काम करतो.

मग चहा निवतो कशानें? मीं घरीं कांचेच्या एक लिटरच्या थर्मासांत ९० अंशांचा चहा कांठोकांठ भरला व सहा तास बूच काढलें नाहीं. खोलींतील हवा २५ अंश होती. सहा तासांनीं तापमापक ७५ अंश दाखवीत होता. म्हणजे १५ अंश गेले; हिशेब केला तर सरासरी सुमारें तीन वॅट उष्णता बाहेर गेली. चांदीच्या भिंतींच्या वांट्याला त्यांतील अर्धा वॅटही येत नाहीं. उरलेली बहुतेक उष्णता मानेच्या कांचेंतून आणि बुचाच्या वाटेनें गेली. कारण मानेशीं दोन्ही भिंती एकमेकींस जोडलेल्या असतात, आणि तेथें पोकळी नाहीं.

पुढचा अंदाज न्यूटनच्या शीतलनाच्या नियमानें करतां येतो. हवेपेक्षां चहा जितका अधिक तापलेला, तितका तो वेगानें निवतो. आरंभीं हा फरक ६५ अंशांचा होता, सहा तासांनीं ५० चा झाला. म्हणजे दर सहा तासांनीं फरकाचा सुमारें सत्त्याहत्तर टक्के भाग उरतो. त्या हिशेबानें बारा तासांनीं चहा ६३ ते ६४ अंशांवर येईल आणि चोवीस तासांनीं ४८ च्या सुमारास. आपल्या थर्मासाची अशी एकच नोंद करून ठेवावी. पुढचें कोष्टक ज्याचें त्याला मांडतां येतें.

बुचाचें महत्त्व केवळ उष्णता अडविण्यांत नाहीं. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास इतकी उष्णता लागते कीं, तेवढ्यानें लिटरभर चहा अर्धा अंश निवतो. बूच सैल असून दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम पाणी वाफेनें निघून गेलें, तर पांच अंश गेले! म्हणून बुचाचें रबरी कडें चिरलेलें असल्यास तें बदलावें, आणि पुनःपुन्हां बूच उघडणें टाळावें. तसेंच अर्धा भरलेला थर्मास जवळजवळ दुप्पट वेगानें निवतो, कारण मानेची व बुचाची वाट तेवढीच राहते, पण सांठा निम्मा असतो. चहापूर्वीं आंत ऊन पाणी फिरवून ओतून टाकावें. एरवीं थंड कांचच दोन-अडीच अंश शोषून घेते.

पोकळी शाबूत आहे कीं नाहीं, हें ओळखणें सोपें आहे. थर्मास उकळत्या पाण्यानें भरून दहा-पंधरा मिनिटांनीं त्याच्या अंगावरून हात फिरवावा. केवळ मान कोमट लागली तर सर्व ठीक; अंगही ऊन लागलें तर पोकळी गेली. कांचेच्या बाटलीच्या बुडाशीं हवा काढून बंद केलेलें एक नाजूक टोंक असतें. थर्मास आपटून ठेवल्यानें पुष्कळदां तेंच फुटतें.

एक सूचना मात्र घरांतील वडीलधाऱ्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. जो गुण चहाला उपकारक, तोच दुधाला घातक ठरूं शकतो. साठ अंशांच्या वर रोगजंतु सहसा वाढत नाहींत. त्याखालीं, विशेषतः शरीराइतक्या कोमट उष्णतेंत, ते झपाट्यानें वाढतात. तान्ह्या मुलाचें दूध "रात्रीं ऊन मिळावें" म्हणून कोमट करून थर्मासांत ठेवणें, म्हणजे त्या जंतूंना ऊबदार घर बांधून देणेंच होय. दूध थंड ठेवावें, थर्मासांत उकळतें पाणी भरावें, व वेळेवर वाटी त्या ऊन पाण्यांत ठेवून दूध तापवावें. दूध घातलेला चहाही वरील कोष्टकाप्रमाणें साठ अंशांखालीं उतरण्यापूर्वींच संपवावा. बाळाच्या बाबतींत तर "अजून कोमट आहे" हें वाक्य दूध पाजण्याचें नव्हे, तें ओतून टाकण्याचें कारण समजावें.