एक्झिट इंटरव्ह्यू: काय लिहायचं, काय गिळायचं

नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड कसाबसा ढकलला की शेवटच्या आठवड्यात एचआरचा मेल येतो. आधी ऑनलाइन फॉर्म भरा, मग अर्ध्या तासाची मीटिंग. ज्या टीममध्ये दीड वर्ष रात्री साडेदहाला 'एक क्विक कॉल घेऊया का?' ऐकलं, तिच्याबद्दल बोलायची ही पहिली अधिकृत संधी. बोटं शिवशिवणारच!

पण हा फॉर्म जातो कुठे? वर 'कॉन्फिडेन्शियल' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ गुप्त असा नसून 'ठरावीक लोकांनाच दिसेल' असा असतो. ते ठरावीक लोक कोण, हे आपणहून कुणी सांगत नाही. मी सरळ विचारलं. उत्तर आलं की एचआर आणि डिलिव्हरी हेड पूर्ण फॉर्म वाचतात, आणि नाव काढून सारांश मॅनेजरकडे जातो. आमची टीम आठ जणांची, त्या तिमाहीत सोडणारा मी एकटा. नाव काढून काय होणार, कप्पाळ?

शिवाय हे सगळं होतं तेव्हा रिलीव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनलचे पैसे हातात नसतात, आणि पुढच्या कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन बाकी असतं. म्हणून घाबरून 'बेटर ऑपॉर्च्युनिटी' एवढंच लिहून मोकळे होणारे खूप. मला ते पटत नव्हतं. मागे राहिलेल्या सात जणांचे शनिवार तसेच जाणार होते ना.

मनातलं वाक्य होतं, 'मॅनेजर टॉक्सिक आहे, रात्रीबेरात्री छळतो, फेव्हरिटिझम करतो.' यातला एकही शब्द कुणाला तपासता येत नाही. टॉक्सिक म्हणजे किती? छळ कोणत्या तारखेला? फेव्हरिटिझम तर माझा अंदाज, त्याच्या मनात काय होतं ते मला कुठे ठाऊक! एचआर असं वाचून 'पर्सनॅलिटी क्लॅश' असा शिक्का मारते आणि विषय संपतो.

म्हणून मी फक्त कंपनीच्याच सिस्टिममध्ये सापडेल तेवढं लिहिलं. 'जानेवारी ते जून या २६ आठवड्यांत १५ शनिवारी रिलीजचं काम केलं. टाइमशीटमध्ये नोंद आहे. त्यापैकी ४ कॉम्प-ऑफ मंजूर झाले. रात्री दहानंतरचे कॉल कॅलेंडरवर आहेत, पण ऑन-कॉल रोस्टरमध्ये नाहीत.' विशेषण नाही, कुणाचं नाव नाही. ज्याला शंका आहे त्याने टाइमशीट उघडावी. (या तारखा मी घरच्या वहीत लिहून ठेवल्या होत्या. पुरावा म्हणून ऑफिसचे मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. तसे मेल पकडणारं सॉफ्टवेअर बहुतेक ठिकाणी असतं, आणि मग तक्रार राहते बाजूला, डेटा बाहेर नेला म्हणून तुम्हीच आरोपी.)

खरी पंचाईत वेगळीच होती. माझ्या शेजारी बसणारी मुलगी त्या कॉलनंतर दोनदा वॉशरूममध्ये जाऊन रडली होती. ते वाक्य लिहिलं असतं तर अख्ख्या फॉर्ममध्ये तेच सगळ्यात जास्त लागलं असतं. चहाला गेलो तेव्हा तिला विचारलं. म्हणाली, "नको रे. तू शुक्रवारी जाशील, मला सोमवारी त्याच कॉलवर बसायचंय." विषय संपला. ते तिचं होतं, सांगायचं तर तिने सांगायचं. (इथे लिहितोय तेही तिला विचारूनच.)

एक गोष्ट मात्र या हिशोबात बसत नाही. लैंगिक छळाचा प्रकार असेल तर एक्झिट फॉर्ममध्ये लिहिलं म्हणजे तक्रार झाली असं धरून बसू नका. २०१३ च्या कायद्यानुसार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार द्यावी लागते. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. फॉर्म भरला म्हणून ती मुदत थांबत नाही.

मीटिंगमध्ये एचआरच्या मॅडमनी गोड आवाजात विचारलं, "ऑफ द रेकॉर्ड सांग, मॅनेजरमुळेच जातोयस ना?" विचारताना लॅपटॉपवर बोटं चालूच होती. मी म्हटलं, "मॅडम, तारखा लिहिल्यात, त्यावर काही विचारायचं असेल तर सांगतो." नव्या कंपनीचं नाव आणि पॅकेजही विचारून झालं. ते रकाने मी रिकामे ठेवले होते, तसेच राहू दिले.

दोन महिन्यांनी तिचा मेसेज आला. रात्रीचे कॉल काही थांबलेले नाहीत. पण आता ते रोस्टरमध्ये येतात, म्हणजे ऑन-कॉलचा भत्ता मिळतो. मॅनेजर तोच आहे.